बंगाली आकडे मराठीत आणताना रकमा आणि तारखा बिघडल्या, चूक कुठे झाली असेल?

फोंडा_टायपिंग

नमस्कार मंडळी. मी फोंड्याला टायपिंग आणि भाषांतराचं काम करतो, ॲफिडेव्हिट, करारनामे, एक-चौदाचे उतारे असलं सगळं. गेल्या आठवड्यात एका ठेकेदाराकडून मजुरांच्या पगाराची वही आली. मजूर सगळे मुर्शिदाबादचे, वही त्यांच्या मुकादमाने बंगालीत ठेवलेली, आणि ती त्यांच्यातल्याच कोणीतरी वर्डमध्ये टाइप करून पाठवली. म्हणजे स्कॅन नाही, खरी अक्षरं आहेत, सिलेक्ट होतात, कॉपी होतात. ठेकेदाराला दोन प्रती पाहिजेत, एक मराठी आणि एक साध्या इंग्रजी आकड्यांची, लेबर ऑफिसात द्यायला.

शब्द कमीच आहेत, नावं आणि दोन-तीन शेरे, ते मी एका ओळखीच्या बंगाली माणसाकडून वाचून घेतले. आकडे मात्र ढीगभर, म्हणून वर्डमध्ये फाइंड-रिप्लेसचा मॅक्रो रेकॉर्ड केला, दहा आकडे दहा वेळा. चालला पण मस्त, कुठे एरर नाही. मग सहज एका पानाची बेरीज मारून बघितली तर जुळेना. हे मूळ:

```
০৪/০৭/২০২৩    ৭,৪৫০
১২/০৭/২০২৩    ৮,১৪০
২৭/০৭/২০২৩    ৯,৭৪০
মোট          ২৫,৩৩০
```

आणि हे माझं:

```
08/09/2023    9,850
12/09/2023    8,180
29/09/2023    9,980
एकूण          25,330
```

वरच्या तिघांची बेरीज येते 28,010 आणि खाली लिहिलंय 25,330. आधी वाटलं मुकादमाचीच बेरीज चुकली असणार, पण पुढच्या दोन पानांवर पण तसंच. मजुरांच्या पैशांचा मामला आहे त्यामुळे अंदाजाने काही पुढे पाठवायचं नाहीये. कोणाला यातलं कळतं का?

म्हापशेकर_मंगेश

अहो मॅक्रो कशाला एवढा. विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये जा, ॲडिशनल सेटिंग्जमध्ये स्टँडर्ड डिजिट्स म्हणून आहे तिथे मराठीचे आकडे निवडा आणि खाली नेटिव्ह डिजिट्सचं नॅशनल करा. सगळे आकडे आपोआप देवनागरी दिसतात, मी आमच्या ऑफिसात केलंय. बेरजेचं म्हणाल तर स्वल्पविरामाने गोंधळ होत असेल, ते काढून बघा.

काणकोणकर

मंगेश, ते सेटिंग खरंच आहे आणि चालतंही, पण त्याने फक्त दिसणं बदलतं. आत अक्षर 4 च राहतं, तुमच्या स्क्रीनवर ते ४ असं दिसतं. तीच फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की परत 4. आणि यांच्या फाइलमध्ये आत बंगाली अक्षरंच आहेत, त्यांना ते सेटिंग हातच लावणार नाही. स्वल्पविरामाचाही इथे संबंध नाही.

फोंडा, एक काम करा. तुमच्या पूर्ण आउटपुटमध्ये कुठेतरी 4 किंवा 7 आहे का शोधा. फक्त इंग्रजी आकड्यांच्या प्रतीत, सगळ्या पानांवर. मग मॅक्रोमधल्या दहा ओळी इथे टाका.

साखळीचो

बंगाली वर्ष वेगळं असतं हो. त्यांचं बंगाब्द म्हणजे आपल्या इसवी सनातून ५९३ किंवा ५९४ वजा. त्यामुळे तारखा जुळत नसतील. मला वाटतं आधी पंचांग बघून तारखा बदलायला पाहिजेत, मग बाकीचं.

फोंडा_टायपिंग

साखळीचो, इथे सन २०२३ च लिहिलंय, बंगाब्द नाही. निदान या पानावर तरी.

काणकोणकर, शोधलं. अकरा पानं आहेत आणि तारखा-रकमांत एकाही ठिकाणी 4 नाही, 7 पण नाही!! हे कसं काय शक्य आहे? मॅक्रोतल्या दोन ओळी खाली देतोय, बाकीच्या तशाच आहेत. रेकॉर्ड करताना मी बंगाली आकडा कॉपी करून टाकला होता पण वर्डने आत हे असं लिहून ठेवलंय:

```
.Text = ChrW(2538)
.Replacement.Text = "8"

.Text = ChrW(2541)
.Replacement.Text = "9"
```

काणकोणकर

हीच चूक. तक्ता तुम्ही डोळ्यांनी बघून केलात ना? बंगाली ৪ हा आपल्याला अगदी इंग्रजी आठासारखा दिसतो पण तो चार आहे. आणि ৭ हा नऊसारखा दिसतो पण तो सात आहे. बंगाली आठ असा ৮ आणि नऊ असा ৯. युनिकोडवाल्यांनी एकमेकांसारख्या दिसणाऱ्या अक्षरांची confusables.txt म्हणून एक यादी केलीय, त्यात या दोन्ही जोड्या आहेत, त्यामुळे फसणारे तुम्ही पहिले नाही.

आता पडताळा कसा घ्यायचा ते सांगतो, बंगाली येत नसलं तरी जमेल. वर्डने जो नंबर लिहिलाय तो त्या अक्षराचा युनिकोड क्रमांक. बंगाली शून्याचा क्रमांक 2534, आणि पुढचे नऊ आकडे ओळीने लागलेत. म्हणून 2538 वजा 2534, उत्तर 4. 2541 वजा 2534, उत्तर 7. दिसतो कसा याच्याशी काही देणंघेणं नाही, वजाबाकी सांगेल तो आकडा. देवनागरीचं शून्य 2406 वर आहे, तिथेही तीच पद्धत, दोघांत नेमका 128 चा फरक.

आता बेरजेचा फरक बघा. 28,010 वजा 25,330 म्हणजे 2,680. सातचा नऊ झाला की त्या जागेवर 2 वाढतात, चारचा आठ झाला की 4. पहिल्या ओळीत हजाराच्या जागी सात होता म्हणून 2000 आणि शतकाच्या जागी चार म्हणून 400. दुसऱ्या ओळीत दशकाचा चार, 40 वाढले. तिसऱ्या ओळीत 200 आणि 40. बेरीज केली की बरोबर 2,680. तुमच्या एकूणच्या आकड्यात चार-सात नव्हतेच म्हणून तो तेवढा शाबूत राहिला, आणि त्यामुळेच चूक सापडली. तो पण बिघडला असता तर प्रकरण जड गेलं असतं.

फोंडा_टायपिंग

अरे देवा. म्हणजे तारखा पण गेल्या. चार जुलैची आठ सप्टेंबर झाली, आणि ती तारीख इतकी बरोबर दिसते की कोणाला शंकाच येणार नाही. सत्तावीस जुलैची एकोणतीस सप्टेंबर. तिन्ही तारखा कॅलेंडरात आहेत. मी तारखा डोळ्यांखालून घातल्या होत्या, एकही खटकली नाही, आणि २०२३ मध्ये चार नाही की सात नाही त्यामुळे वर्षही ठीक दिसत होतं.

आता उलटा मॅक्रो चालवून 8 चे 4 करू का?

काणकोणकर

नको नको, तेच करू नका! तुमच्या प्रतीतला प्रत्येक 8 हा ৪ मधूनही आला असेल किंवा ৮ मधूनही. दुसऱ्या ओळीतल्या 8,180 मध्ये पहिला आठ खरा आठ आहे आणि दुसरा आठ खरंतर चार आहे. दोघं एकात मिसळले, आता ते वेगळे करायला त्या प्रतीत काही खूण उरलेली नाही. मूळ फाइल आहे ना? तिथूनच परत सुरू करा आणि ही प्रत फेकून द्या, नाहीतर महिनाभराने चुकून तीच कुठेतरी जोडली जाईल.

मॅक्रो असा ठेवा, यात डोळ्यांनी जुळवायचं काही उरतच नाही:

```
Dim i As Integer
For i = 0 To 9
  ActiveDocument.Content.Find.Execute _
    FindText:=ChrW(2534 + i), _
    ReplaceWith:=CStr(i), _
    Replace:=wdReplaceAll
Next i
```

मराठी प्रतीसाठी `CStr(i)` च्या जागी `ChrW(2406 + i)` घाला. आणि एक मर्यादा लक्षात ठेवा, हा मॅक्रो फक्त मुख्य मजकुरात फिरतो. हेडर, फूटर, तळटीप, टेक्स्ट बॉक्स यांतले आकडे बंगालीच राहतील, ते हाताने बघा. वहीचं वर्ष किंवा पान नंबर बऱ्याचदा हेडरमध्येच असतो.

वास्कोची_बौदी

माझं सासर सिलिगुडीचं, त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी पण बसचा ৭ नंबर हा नऊ समजायची. मोठ्याने वाचायचं असेल तर ৪ चार, ৭ शात, ৮ आट, ৯ नॉय. मजुरांपैकी कोणालाही फोनवर एक ओळ वाचून दाखवायला सांगा, पाच मिनिटांत पडताळा होतो.

एक अजून बघा, बंगालीत तारखेच्या आकड्याला शेपटी चिकटवतात. पहिल्या चार तारखा ১লা, ২রা, ৩রা, ৪ঠা अशा, मग पाचपासून अठरापर्यंत ই लागतो, एकोणीसपासून শে. म्हणजे चार जुलै हा ৪ঠা জুলাই असा लिहिलेला असू शकतो. तुमचा मॅक्रो आकडा बदलेल आणि शेपटी तशीच बंगालीत लोंबकळत राहील. ती काढून टाका, मराठीत ४ जुलै एवढंच पुरे. आणि सणाची उचल वगैरे लिहिताना तारखेला बंगाली महिना टाकतात ते पण तपासा, आमच्याकडे घरात अजून चालतं.

फोंडा_टायपिंग

बौदी, तुम्ही म्हणता ते आहे!! पान नऊवर एका शेऱ्यात আষাঢ় ১৪৩০ असं आहे. साखळीचो, तुमचं म्हणणं त्या एका ठिकाणी लागू पडलं, मघाशी मी घाईत उडवून लावलं. त्याचं काय करायचं?

काणकोणकर

आकडे बदला, कॅलेंडर बदलू नका, ही दोन वेगळी कामं आहेत. आषाढ १४३० असंच लिहा आणि पुढे बंगाब्द हा शब्द जोडा. १४३० साल पश्चिम बंगालात १५ एप्रिल २०२३ ला सुरू झालं, म्हणून तो आषाढ साधारण जून-जुलै २०२३ मध्ये येतो, पण नेमकी तारीख तुम्ही भाषांतरात घालणं धोक्याचं. पाहिजे तर ठेकेदाराकडून इंग्रजी तारीख लेखी घ्या.

वास्कोची_बौदी

आणि तो आपला आषाढ नव्हे बरं. त्यांचे महिने सूर्यावर चालतात, आपले चंद्रावर. नाव सारखं म्हणून मराठी वाचणारा आषाढी एकादशीचा महिना धरून चालेल. बंगाब्द हा शब्द तेवढ्यासाठी तरी हवाच.

डिचोलीकर

थोडं वेगळं पण याच्याशीच लागून आहे म्हणून लिहितो. आमच्या घरच्या जमिनींची यादी माझ्या चुलत्यांनी एक्सेलमध्ये मराठी आकड्यांत ठेवली होती. सर्व्हे नंबर १२/३, ७/१, ४५/२ असे. मी सगळं इंग्रजी आकड्यांत करून सीएसव्ही केली आणि उघडली तर 12/3 चा झाला 12-Mar आणि 7/1 चा झाला 7-Jan. पण 45/2 तसाच राहिला. मराठीत होतं तोपर्यंत एवढी वर्षं काही झालं नाही, बदलल्यावरच का? माझी बदलायची पद्धत चुकली का?

काणकोणकर

तुमची पद्धत बरोबर होती, आकडे बरोबरच बदलले. देवनागरीत १२/३ होतं तोपर्यंत एक्सेलला ते नुसतं अक्षरांचं शब्दासारखं वाटत होतं. इंग्रजी झालं आणि त्याला ती तारीख वाटली. 45/2 वाचला कारण तशी तारीखच नसते. आता सेल सिलेक्ट करून फॉरमॅट टेक्स्ट केलात तर 12/3 परत येणार नाही, चाळीस हजाराच्या वरचा पाच आकडी नंबर दिसेल, कारण आत आता दिवसांची मोजणी साठवली गेलीय.

मूळ सीएसव्ही उघडून सेव्ह केली नसेल तर ती अजून चांगली आहे, नोटपॅडमध्ये बघा. डबल क्लिकने उघडायची नाही. डेटा टॅबमधून टेक्स्ट इम्पोर्ट करायची आणि सर्व्हे नंबरच्या कॉलमला आधीच टेक्स्ट सांगायचं. खाते नंबर, फोन नंबर यांनाही तेच, नाहीतर सुरुवातीची शून्यं जातात.

फोंडा, तुम्हालाही हे लागेल, ठेकेदार वही एक्सेलमध्ये मागणारच. तुमच्या बरोबर झालेल्या तारखा 04/07/2023, 12/07/2023, 27/07/2023. कॉम्प्युटरचं रीजन अमेरिकेचं असेल, आणि नवीन मशीनवर पुष्कळदा तसंच असतं, तर पहिली तारीख होईल सात एप्रिल, दुसरी सात डिसेंबर आणि तिसरी टेक्स्ट राहील कारण सत्ताविसावा महिना नाही. ओळखायची खूण सोपी, कॉलम रुंद करा, काही तारखा डावीकडे चिकटलेल्या आणि काही उजवीकडे दिसल्या की समजा उजवीकडच्या उलट्या झाल्यात. इम्पोर्ट करताना तारखेच्या कॉलमला DMY निवडा, मग काही होत नाही.

डिचोलीकर

नोटपॅडमध्ये शाबूत आहे! वाचलो. चुलत्यांना सांगायची वेळ आली असती तर काय केलं असतं देव जाणे. तीन गावांतल्या जमिनी आहेत, दीडशेच्या वर ओळी.

माशेलच्या_बाई

मी निवृत्त शिक्षिका, कॉम्प्युटरचं फार कळत नाही पण एक विचारते. मराठी प्रतीत आकडे मराठीच हवेत ना? हल्ली मराठी मजकुरात मधेच इंग्रजी आकडे घालतात ते मला खरंच बोचतं. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणीबरोबर मराठीही सरकारी कामाला वापरायची तरतूद आहे, मग आकडे का परके?

म्हापशेकर_मंगेश

बाई, घटनेतच लिहिलंय की सरकारी कामात आंतरराष्ट्रीय आकडे वापरायचे. कलम ३४३. त्यामुळे मराठी आकडे चालतच नाहीत.

काणकोणकर

मंगेश, अर्धं बरोबर. कलम ३४३ मध्ये भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप असं म्हटलंय खरं, पण ते संघाच्या म्हणजे केंद्राच्या कामकाजासाठी. त्याच कलमात संसदेला देवनागरी अंकांची तरतूद कायद्याने करायची मुभाही ठेवलीय. खाजगी भाषांतरात मराठी आकडे चालतच नाहीत असा अर्थ त्यातून निघत नाही.

माझं स्वतःचं मत, मजकुरातल्या तारखा आणि रकमा देवनागरीत, पण जे नंबर कोणीतरी नंतर कॉम्प्युटरवर टाकून शोधणार आहे, खाते नंबर, आयएफएससी, आधार, गाडीचा नंबर, ते मूळ कागदावर जसे आहेत तसेच.

माशेलच्या_बाई

गाडीच्या नंबराचं पटलं. सर्व्हे नंबराचं नाही पटत, तो आमच्या वाडवडिलांच्या कागदांवर मराठीत आहे आणि तसाच यावा.

डिचोलीकर

बाई, माझ्या अनुभवानंतर मी पण तुमच्याच बाजूचा, मराठीत होता तोवर सुरक्षित होता.

फोंडा_टायपिंग

मला व्यवहारातलं सांगा. इंग्रजी प्रत तयार झालीय, बेरजा जुळल्या, अकरापैकी दहा पानांच्या. (अकराव्याचं नंतर लिहितो.) आता याच प्रतीवरून मराठी करू की मूळ बंगालीवरून परत? काम वाचेल म्हणून विचारतोय.

काणकोणकर

मूळ बंगालीवरूनच. कारण सांगतो. मूळ वहीत मजुरांचे बँक खाते नंबर आहेत का? ते बहुतेक इंग्रजी आकड्यांतच टाइप केलेले असतील.

फोंडा_टायपिंग

हो, शेवटच्या पानावर यादी आहे, खाते आणि आयएफएससी, सगळं इंग्रजीत.

काणकोणकर

मग बघा, मूळ फाइलमध्ये बंगाली आकडा म्हणजे तारीख नाहीतर रक्कम, आणि इंग्रजी आकडा म्हणजे खातं, अशी वाटणी आपोआप झालेली आहे. इंग्रजी प्रतीत ती पुसली गेली, तिथून सरसकट देवनागरी केलंत तर आयएफएससी मधलं शून्य पण ० होईल आणि बँकेच्या पोर्टलवर ते चालणार नाही. मूळावरून बंगाली ते देवनागरी थेट गेलात तर इंग्रजीला धक्काच लागत नाही.

झालं की एक उलट तपासणी करा. मराठी प्रतीची कॉपी घ्या, देवनागरी ते बंगाली उलटा मॅक्रो चालवा, आणि वर्डच्या कंपेअरने मूळ फाइलशी लावून बघा. आकड्यांत एकही फरक दिसायला नको. तुमचा पहिला तक्ता या तपासणीत लगेच पकडला गेला असता, कारण 8 वरून परत येताना ৪ आणि ৮ मधला एकच मिळाला असता.

एक्सेलमध्ये मात्र अक्षरं बदलूच नका. रक्कम खरी संख्या म्हणून ठेवा आणि सेलच्या कस्टम फॉरमॅटमध्ये हे घाला, दिसेल मराठीत, बेरीज चालू राहील:

```
[$-400044E]#,##0
```

देवनागरी आकडे टेक्स्ट म्हणून टाकलेल्या कॉलमची बेरीज शून्य येते, ते बघून लोक हाताने बेरीज टाइप करतात आणि तिथून पुढे सगळं घसरतं. लाखाच्या वरच्या रकमेत स्वल्पविराम कुठे पडतो तेही बघून घ्या, रीजन भारताचं नसेल तर अडीच लाख हे 250,000 असे तुटतात.

म्हापशेकर_मंगेश

हे फॉरमॅटचं माहीत नव्हतं. म्हणजे मी रीजनमध्ये करत होतो तेच, पण फाइलच्या आत. आजच बदलतो, आमच्या दुसऱ्या शाखेत नेहमी तक्रार असायची की आकडे इंग्रजीच दिसतात.

फोंडा_टायपिंग

उलट तपासणी केली. भाषांतर केलेले शब्द सोडले तर एक फरक निघाला, तोही आकड्यात नाही, कुठेतरी माझी स्पेस जास्त पडलेली. मराठी प्रत झाली म्हणायची.

आता ते अकरावं पान. बेरीज नाही त्या पानावर, पुढचं पान वहीतच नाहीये. आणि एका मजुराची रक्कम मॅक्रोच्या आधीपासूनच मूळ फाइलमध्ये अशी आहे:

```
৬,8৫০
```

मधला आठ इंग्रजी आहे. बाकीचे तीन बंगाली. नुसतं बघून कळतच नाही, कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स मारलं तेव्हा 0038 आलं, बंगाली चार असता तर 09EA आलं असतं.

काणकोणकर

शाबास, हे डोळ्यांना कधीच दिसत नाही. ज्याने टाइप केलं त्याने ৪ च्या ऐवजी सारखा दिसतो म्हणून 8 दाबला असेल, नाहीतर खरंच आठ असेल आणि कीबोर्ड मधेच इंग्रजीवर गेला असेल. पहिलं असेल तर रक्कम 6,450, दुसरं असेल तर 6,850. प्रोग्राम याच्यात काही सांगू शकत नाही, उलट बरेच प्रोग्राम अशी मिसळ न कुरकुरता गिळतात. पायथनचा `int` घ्या, एकाच संख्येत तीन लिप्यांचे आकडे दिले तरी उत्तर देतो.

आधी अशा अजून किती आहेत ते शोधा. फाइंडमध्ये वाइल्डकार्ड्स चालू करून एकदा `[0-9][০-৯]` आणि एकदा `[০-৯,][0-9]` शोधा, मूळ फाइलमध्ये.

फोंडा_टायपिंग

शोधलं. एवढी एकच आहे.

वास्कोची_बौदी

त्या मजुराला बाकीच्या महिन्यांत किती मिळालेत? रोजचा दर ठरलेला असेल तर दिवसांनी भागून बघा ना.

फोंडा_टायपिंग

बघितलं. त्याचा रोज ५५० लिहिलाय. 6,850 ला भाग जात नाही, 6,450 लाही जात नाही, उचल कापून लिहिलेली रक्कम आहे वाटतं. ठेकेदार म्हणतो 6,450 च टाका, पण ४०० रुपये त्या माणसाचे आहेत, असं कसं टाकणार मी.

काणकोणकर

टाकू नका. ठेकेदाराला पाहिजे ते भाषांतर नव्हे. मूळात जसं आहे तसं लिहा आणि कंसात नोंद करा की मूळ टंकनात दुसरा आकडा वेगळ्या लिपीत असल्याने ४ की ८ हे निश्चित होत नाही. हाताने लिहिलेली वही कुठे आहे?

माशेलच्या_बाई

आणि मुकादमाला सांगा की रक्कम अक्षरी लिहून पाठव. आम्ही शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख नेहमी अक्षरी पण लिहायचो ती यासाठीच. चेकवर सुद्धा आकडा आणि अक्षर वेगळं निघालं तर अक्षरी रक्कम धरतात, परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १८.

फोंडा_टायपिंग

मुकादमाशी आत्ताच बोललो, बौदींनी सांगितलं तसं. वही गावी त्याच्या भावाकडे आहे, भाऊ शेतावर गेलाय, रात्री फोटो काढून पाठवणार, आणि खाली रक्कम अक्षरांत लिहून. तोवर दहा पानं देतोय, अकरावं थांबवलं. ठेकेदार थोडा चिडलाय पण असू दे. फोटो आला की इथे टाकतो, नाव झाकून, बौदी जरा वाचून द्या.

वास्कोची_बौदी

टाका, मी साडेदहापर्यंत जागी असते. हाताने लिहिलेल्या ৪ चा वरचा गोल कधी कधी उघडाच राहतो, फोटो जवळून काढायला सांगा.